बदल नाही

धाकटीचा हात वाफेच्या प्रेसमध्ये सापडला, तेव्हा शेठनं स्वतः रिक्षा बोलावली. रिक्षात बसवताना म्हणाला, ‘घाबरू नकोस, मी आहे.’ आठवड्याभरानं थोरली दुकानात गेली, तर त्याच तोंडानं म्हणाला, ‘कोण तुमची बहीण? इथं कुणी मुलगी कामाला नव्हती.’

थोरलीला आधी वाटलं, माणूस थट्टा करतोय. शेठच्या मागे तारेवर धुऊन आलेले कोट टांगले होते, आणि त्या कोटांच्या पलीकडे तो प्रेस तोंड मिटून बसला होता. त्याच्या कडेला अजून धाकटीची ओढणी अडकवलेली होती.

‘ती ओढणी कुणाची?’ थोरलीनं विचारलं.

‘गिऱ्हाईकाची,’ शेठ म्हणाला. ‘बाई, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. पण मी इथला मालक नाही. मी नुसता बघतो. मालक बाहेरगावी असतात.’

‘कुठल्या गावी? नाव काय त्यांचं?’

‘नाव घेऊन काय करणार? ते काय येणारेत?’

सारी गल्ली त्याला शेठ म्हणायची. गल्ला तो उघडायचा, भाव तो सांगायचा, डाग राहिला म्हणून ओरडणाऱ्या बायकांना तोच हात जोडायचा. आणि आता म्हणे, नुसता बघतो. अंगावर आलं, की दुसऱ्यावर ढकललं.

थोरली शिवणकाम करायची. आई गेल्यावर धाकटीला तिनंच वाढवलं. धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजून तळव्याकडे ओढली गेली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, ‘ऑपरेशन लवकर करा. कातडी एकदा आखडून बसली की पुढे कठीण आहे.’ खर्च ऐकून थोरलीनं पदर तोंडाला लावला. मग डॉक्टरच म्हणाले, ‘कामावर असताना झालं ना? मग हे मालकानं करायचं असतं. कामगार कार्यालयात जा.’

कामगार कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्यांनी अर्ज वाचला आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

‘इथं तुम्ही दुकानाचं नाव लिहिलंय. बोर्डाला नोटीस काढता येत नाही, बाई. मालक म्हणून माणसाचं नाव लागतं.’

‘तो सांगत नाही, साहेब.’

‘दुकानाची आमच्याकडे नोंदणी असणार. तिचा नंबर आहे?’

‘दुकानात भिंतीला एक चौकट आहे. पण तिच्यावर कॅलेंडर टांगलंय.’

साहेब पहिल्यांदाच हसले. ‘लावायची असते दिसेल अशी. म्हणून तर कॅलेंडर.’ मग म्हणाले, ‘आमची नोंद नावावरनं किंवा नंबरावरनं सापडते. बोर्डावरनं सापडत नाही. तुम्ही असं करा. बॉयलर आहे, रसायनं आहेत, म्हणजे नगरपालिकेचा धंद्याचा परवाना घेतल्याशिवाय दुकान चालणार नाही. तो परवाना जागेला धरून असतो. प्रभाग कार्यालयात पत्ता सांगा, परवानाधारकाचं नाव मिळेल. ते घेऊन या, मी आमची नोंद काढतो.’

परवाना विभाग जिन्याच्या वर, एका लांबट खोलीत होता. टेबलामागे जाड भिंगाच्या चष्म्याची लिपिक बाई डबा संपवून बोटं पुसत होती. थोरलीनं दुकानाचा पत्ता सांगितला. डावीकडे चांभाराची टपरी, उजवीकडे औषधाचं दुकान, हेही सांगितलं.

‘मालक शोधताय?’ लिपिक बाईनं विचारलं. ‘अहो, एका दुकानाला तीन मालक असतात. एक जागेचा, एक परवान्याचा, एक गल्ल्यावर बसलेला. तिघं एकच निघाले तर आम्ही पेढे वाटतो.’

‘मला कुठला लागेल?’

‘ते तुमच्या भांडणावर आहे.’ ती संगणकावर बोटं चालवत म्हणाली. ‘गाळा गळत असेल तर जागेचा. मी सांगू शकते फक्त परवान्याचा. हं, हे बघा. लाँड्री, वाफेच्या प्रेससह. दरवर्षी वेळच्या वेळी नूतनीकरण. फार सज्जन धारक दिसतो.’

तिनं पडदा थोडा वळवला. थोरलीनं नाव वाचलं. ते शेठचं नव्हतं. आडनाव मात्र तेच होतं.

खाली नूतनीकरणाच्या नोंदी होत्या. दर वर्षीची तारीख, फी भरल्याची खूण आणि एक रकाना: परवानाधारकात बदल आहे का? त्यापुढे दर वर्षी एकच उत्तर होतं. नाही. नाही. नाही.

‘हे कोण तपासतं?’

‘काही बदललं नाही म्हटल्यावर तपासायचं काय?’ लिपिक बाई म्हणाली. ‘नाव बदलायचं तर धारकाची नाहीतर वारसाची सही लागते. प्रमाणित प्रत हवी तर अर्ज द्या, फी भरा. धारकाच्या घरचा पत्ता आहे त्यात.’

प्रत हातात आल्यावर थोरली पुन्हा कामगार कार्यालयात गेली. साहेबांनी त्या नावावरनं नोंद काढली, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला.

‘हे एक बरं नाही,’ ते म्हणाले. ‘लहान दुकान म्हणून नोंद आहे. मालकाचं नाव तेच. व्यवस्थापक, कोरं. कामगार किती, एकही नाही. कुटुंबातली माणसं, दोन.’

‘माझी बहीण दोन वर्षं तिथं उभी राहिली, साहेब. सकाळी शटर तीच वर करायची.’

‘मान्य. पण हातात काय आहे? पगार रोख, चिठ्ठी नाही. आजूबाजूचं कुणी सांगेल?’

चांभार ‘मला पोटावर पाय नको’ म्हणाला होता. औषधवाला शेठच्या जागेत भाडेकरू होता.

‘कागदावर कुणाचंही नाव असो, दुकान प्रत्यक्षात कोण चालवतं हे मी बघतोच,’ साहेब म्हणाले. ‘पण आधी ती तिथं कामाला होती, हे कुणीतरी कबूल करायला हवं. मालकानं केलं तर प्रश्नच मिटला. दुकानाच्या पत्त्यावर मी सुनावणीची नोटीस काढतोच. पण घरचा पत्ता आहे ना? त्याआधी भेटून तर बघा. कधी कधी मालकाला आपल्या दुकानात काय चालतं हे माहीतच नसतं.’

ते सहज बोलले होते. पुढे थोरलीला ते वाक्य फार वेळा आठवलं.

पत्त्यावर जाताना तिनं मनात मोठं घर उभं केलं होतं. फाटक, कुत्रा, आणि ‘साहेब झोपलेत’ म्हणणारा नोकर. सगळ्यांसाठी उत्तरं घोटून ठेवली होती. पत्ता निघाला एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाचा. जिन्याखालून वाट, पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली. दार उघडंच होतं.

आत एक वयस्क बाई खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. शेजारी कपड्यांचा गठ्ठा. थोरलीची शिवणकामाची नजर आधी टाक्यांवर गेली. टाके बारीक आणि मायेचे होते. मग तिला कॉलरला टाचलेली कापडी चिठ्ठी दिसली. पिवळी, कोपरा कापलेली. धाकटीच्या खिशात अशा चिठ्ठ्या कितीदा सापडायच्या. ती त्या दुकानाची खूण होती.

‘काकू,’ तिनं कागदावरचं नाव सांगून विचारलं, ‘इथंच राहतात का?’

बाईंनी दोरा दातानं तोडला आणि भिंतीकडे बोट केलं. तिथं फोटो होता, फोटोला हार होता, आणि हारावर धूळ बसू न देणारी कित्येक वर्षांची निगा होती.

‘जाऊन आठ वर्षं झाली,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं काही काम होतं का त्यांच्याशी? बसा ना.’

थोरली बसली. जिवंत माणसाशी भांडायला आलेली, आणि मालक भिंतीवर.

काकूंनी पाणी दिलं. थोरलीनं कागद पुढे केला, आणि अडखळत सगळं सांगितलं. काकूंनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

‘दुकान तर भाऊजींनी तेव्हाच आपल्या नावावर करून घेतलं,’ त्या हळू म्हणाल्या. ‘मला म्हणाले, वहिनी, कर्ज होतं, मी निभावून घेतो. तुम्ही फक्त खोलीत राहा. खोलीचं भाडं तेच देतात. मी म्हटलं, फुकट कसं खायचं? म्हणून ही बटणं लावते, कडा दुमडते, उसवलेलं शिवते. मला सांगा, मेलेल्या माणसाच्या नावावर परवाना असतो?’

‘नसतो. पण नाव बदलायचं तर वारसाची संमती लागते, असं परवाना कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. वारसाची सही.’

‘वारस म्हणजे?’

‘तुम्ही, काकू. मूलबाळ?’

‘नाही.’

काकूंनी त्या ‘नाही’च्या रांगेवरनं बोट फिरवलं. पहिली ‘नाही’ नवऱ्याच्या दहाव्याच्या महिन्यातली होती. माणूस राख झाला, बांगड्या उतरल्या, घर सुटलं, आणि कागद सांगत होता, बदल नाही. सही मागायला आले असते, तर दुकान कुणाचं हे त्यांना कळलं असतं. म्हणून सहीच मागितली नव्हती. आठ वर्षं त्या आपल्याच दुकानाची बटणं उपकार फेडायला लावत होत्या.

‘आणि हात भाजला ती मुलगी,’ काकूंनी मान वर केली, ‘गालावर तीळ आहे ती का? गठ्ठा आणून द्यायची ती? माझ्या सुईत दोरा ओवून द्यायची. चार दिवस आली नाही, तर भाऊजी म्हणाले, लग्न ठरलं तिचं.’

थोरलीला रडू आलं ते तेव्हा. ‘काकू, एवढंच सांगा साहेबांना. ती कामाला होती, एवढंच. पण परवा सुनावणी आहे, तोवर त्यांच्याजवळ बोलू नका. तुमच्या पाया पडते.’

काकूंनी तिचा हात धरून थांबवलं. ‘पोरी, माझा एक रोजचा नेम आहे. हे गेले तेव्हापासून धरलाय. कुणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायचं नाही. जे बोलायचं ते तोंडावर. सकाळी दिवा लावताना देवाला शब्द देते आणि रात्री हिशेब देते. मी भाऊजींना आधी विचारीन. मग येईन.’

‘अहो काकू, तो तुम्हाला गुंडाळून ठेवेल!’

‘ठेवू दे. देवाला गुंडाळता येत नाही.’

जिन्याखालच्या वाटेनं परतताना थोरलीनं त्या देवालाही दोन शब्द सुनावले, आणि त्या नेमालाही. नेम ज्याच्या ताटात भाकरी आहे त्यानं धरावा. आपल्या पोरीची बोटं कुणाच्या पुण्यासाठी आखडून बसायची?

आणि तिची भीती खरी ठरली. सुनावणीच्या दिवशी शेठ आला तो वकील घेऊन, पांढऱ्याशुभ्र कडक शर्टात. मागोमाग काकू, मान खाली घालून. शेठनं स्वतः त्यांना खुर्ची पुसून दिली. थोरलीकडे बघून हसला, जणू तिनंच त्याचं काम सोपं केलं होतं.

केलंच होतं. साहेबांनी विचारलं, ‘दुकान कुणाचं?’ आणि शेठ हात जोडून उभा राहिला.

‘परवाना माझ्या दिवंगत भावाच्या नावावर आहे, साहेब. कागद या ताईंनीच शोधलाय. भाऊ गेला म्हणजे दुकान वहिनींचं. मी नोकर माणूस. त्यांच्या वतीनं बघतो.’

‘आठ वर्षं नूतनीकरणात बदल नाही असं कोण लिहीत होतं?’

‘सगळं वहिनींच्या सांगण्यावरनं, साहेब. आमच्यात त्यांचा शब्द शेवटचा.’

शेजारी बसलेली धाकटी थोरलीच्या कानाशी लागली. ‘ताई, हा आता म्हणेल प्रेससुद्धा काकूंनीच दाबला.’

साहेब काकूंकडे वळले. ‘बाई, तुम्ही मालक आहात का?’

शेठनं पुटपुटल्यासारखं केलं, ‘हो म्हणा, वहिनी. बाकीचं मी बघतो.’

काकू उठल्या. आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागला.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘कागद म्हणतो तर मीच मालक. मला परवा कळलं. हे म्हणतात ते माझ्या सांगण्यावरनं लिहीत होते, ते खोटं आहे. भाऊजी, मी तुमच्या तोंडावर बोलतेय, मागे बोलले नाही. काल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलगी नव्हतीच म्हणून सांगा, नाहीतर खोली रिकामी करा.’

‘वहिनी!’

‘थांबा. मालक कुणाला करून ठेवलंत? मग मालकाला बोलू द्या.’ त्या साहेबांकडे वळल्या. ‘ही मुलगी माझ्या दुकानात कामाला होती. रोज गठ्ठा घेऊन माझ्याकडे यायची. प्रेसवर हीच उभी असायची. हात तिथंच भाजला. लिहून घ्या. कुठं सही करू?’

वकिलानं शेठकडे असं बघितलं, जणू फी वाया गेली. थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की काहीतरी आपल्या बाजूनं उभं राहिलं. त्या दिवशी परतताना रागात बोललेले ते दोन शब्द तिनं मनातल्या मनात परत घेतले.

पण कागदानं जे दिलं, तेवढंच दिलं. साहेबांनी निकाल लिहिला. मुलगी कामगार होती, अपघात कामावर झाला, उपचाराचा खर्च मालकानं द्यायचा. शेठलाही चालवणारा म्हणून जबाबदार धरलं. शेठ वरच्या कार्यालयात अपिलाला गेला. तिथं तारीख पडली, मग त्या तारखेला तारीख पडली. त्याचं नाव अपिलात अडकून राहिलं. काकूंनी कबूल केलं होतं, म्हणून त्यांचं नाव लगेच पक्कं झालं. खरं बोलणाऱ्याला अपील नसतं.

आणि एका सकाळी शटर बंद दिसलं. चांभारानं थोरलीला हाक मारून सांगितलं. आता त्याला पोटावर पायाची भीती उरली नव्हती. ‘सगळं नेलं बघ. प्रेस त्याच्या बायकोच्या नावावर घेतलेला, बॉयलर भाड्याचा. चौकापलीकडे नवं दुकान टाकतोय. नवा परवाना, म्हणे मेहुण्याच्या नावानं.’

किल्ली काकूंकडे आली होती. ती पाठवायला शेठ विसरला नव्हता. मालकाची किल्ली मालकाला. खोली मात्र त्यानं महिनाअखेर रिकामी करायला सांगितली. जागेचं थकलेलं भाडं कुणी भरायचं, हा प्रश्न आता गाळ्याच्या मालकानं काकूंना विचारला.

काकू, थोरली आणि धाकटी अशा तिघी शटर उघडून आत गेल्या. भिंतीवर प्रेसची काळी सावली उरली होती. तारा रिकाम्या होत्या. कॅलेंडरही नेलं होतं, त्यामुळे चौकट पहिल्यांदा उघडी पडली होती. काचेआड परवाना, मेलेल्या माणसाचं नाव, आणि खाली छापलेलं, ‘दर्शनी भागावर लावावा’.

‘आज दिसतोय,’ धाकटी म्हणाली. ‘बघायला कुणी नाही तेव्हा.’

काकूंनी पदरानं काच पुसली. ‘मी काल त्या चष्मेवाल्या बाईंकडे जाऊन आले. म्हटलं, बदल आहे. त्या म्हणाल्या, वारसांच्या संमतीपत्रावर सही करा. मी म्हटलं, वारस मीच, संमती मीच देते, मलाच. त्या हसल्या नाहीत. मृत्यूचा दाखला ठेवून घेतला. महिन्याभरात नवा परवाना येईल म्हणाल्या.’

‘काकू, कशाला? दुकान तर राहिलंच नाही.’

‘दंड आणि वसुली त्यांच्या नावानं यायला नको. गेलेल्या माणसाला किती ओढायचं? माझ्या नावानं येऊ दे. आणि पोरी, डॉक्टरांना विचार, बटणं लावून हप्त्यानं फेडता येईल का.’

थोरली अशा मालकाच्या शोधात दारोदार हिंडली होती, ज्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी असेल. सापडला तो असा, ज्यानं होतं नव्हतं ते देऊन टाकलं. आणि तिला हेही कळत होतं, की ही बाई आज खोलीला मुकतेय ती आपण तिचं दार ठोठावलं म्हणून.

‘काकू,’ ती शेवटी म्हणाली, ‘माझ्याकडे मशिनीच्या मागे एक पथारी मावते.’

‘बघू,’ काकू म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून सुई-दोरा काढला. धाकटीच्या बाहीचं बटण लोंबत होतं. ‘ये इकडे. दोरा ओव बघू आधी. तुझी नजर चांगली.’

धाकटीनं सवयीनं उजवा हात पुढे केला. आखडलेल्या बोटांत सुई राहीना, ती खाली फरशीवर पडली. धाकटीनं ती उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, मग हात पाठीमागे लपवून हसली.

काकूंनी वाकून सुई उचलली. उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, आणि त्यांचा दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.